१ जूनचा वाढदिवस आणि पोळ्याचा निरोप

आमच्या पिढीतल्या पुष्कळांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे त्या दिवशी व्हॉट्सॲपच्या गटात केक-फुलांच्या चित्रांचा पाऊस पडतो. कोण कुणाला देतो ते न पाहताच सगळे ‘धन्यवाद’ टाकतात.

नर्सिंगच्या होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी मैत्रीणही कागदावर १ जूनचीच. ती पुण्याला गेली, मी भंडाऱ्यात राहिले. दरवर्षी मी चित्र पाठवायची, तिचे जोडलेले हात यायचे, आणि बोलणे तिथेच संपायचे.

तिची आई सांगायची, ‘ही पोळ्याची आहे.’ मागच्या पोळ्याला ते आठवले. तरी लिहायला हात धजेना. इतक्या वर्षांनी काहून लिहिले, असे तिला वाटेल का? ही भीती माझ्या एकटीची नाही. २०२४ मध्ये लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. जुन्या मित्राशी बोलायची इच्छा होती, नंबर होता, वेळही दिला होता; तरी निरोप पाठवणारे निम्म्याहून कमी निघाले. आधी रोजच्या मित्रांना दोन-चार निरोप लिहायला लावले, तेव्हा मात्र जास्त जणांनी पाठवला. मीही आधी बहिणीला लिहिले, मग तिला:

‘जयभीम. आई म्हणायची ना, तू पोळ्याची! रात्रपाळीत एका डब्यात जेवायचो ते आज आठवले. मी बरी आहे, गावोगाव फिरते. तुला अजून रात्रपाळी असते का? सवडीने सांग.’

यात एक आठवण आहे, जी फक्त आम्हा दोघींची. स्वतःबद्दल एक ओळ आहे, म्हणजे काही मागायला लिहिले असे वाटत नाही. शेवटी सोपा प्रश्न आहे, ‘कशी आहेस?’ला ‘बरी’ म्हणून गप्प बसता येते, याला नाही. ‘विसरलीस ना मला?’ हे मुद्दाम टाळले. तक्रारीला उत्तर देण्यापेक्षा माणूस गप्प राहतो.

निरोपावर एकच टिक बराच काळ राहिली तर तो पोहोचलेला नाही. नंबर बदलला असेल, ओळखीच्यांना विचारा. बंद नंबर कंपन्या पुढे दुसऱ्याला देतात, म्हणून अनोळखी फोटो दिसला तर आधी नाव विचारून घ्या. दोन टिका असूनही उत्तर नसेल तर पुन्हा पुन्हा विचारू नका. पुढच्या वर्षी लिहा.

मला दुसऱ्या दिवशी तिचा आवाजातला निरोप आला. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. ‘माझा खरा दिवस आता कुणालाच माहीत नाही, असं वाटत होतं गं,’ ती म्हणाली.

मी लगेच लांबलचक लिहिले नाही. एवढेच विचारले, ‘रविवारी दुपारी फोन करू?’ नुसते ‘बोलू कधीतरी’ म्हटले असते, तर आम्ही पुन्हा १ जूनवर आलो असतो.