ज्युरीचा शेरा पोर्टफोलिओत कसा मांडायचा?

आर्किटेक्चरच्या स्टुडिओत ज्युरी संपली की हाती उरतात वहीतले शेरे आणि ट्रेसिंग पेपरवरची स्केचेस. ते सगळंच पोर्टफोलिओच्या बोर्डवर लावायचं नसतं. ज्या शेऱ्यामुळे डिझाइन बदललं, तेवढाच निवडायचा.

समजा, वाचनालयाच्या डिझाइनवर शेरा आला: “चार वाजता टेबलावर ऊन येईल.” खिडकी पश्चिमेला आहे. दुपारनंतर सूर्य खाली उतरतो आणि ऊन छज्जाखालून तिरपं आत शिरतं. म्हणून विद्यार्थी खिडकीबाहेर तिरक्या उभ्या पट्ट्या बसवतो.

बोर्डवर या खिडकीचे दोनच सेक्शन शेजारी-शेजारी लावावेत: आधीचा आणि नंतरचा. दोन्हींचं स्केल एकच हवं आणि चार वाजताची सूर्यकिरणाची रेघ दोन्हींत हवी, नाहीतर फरक दिसत नाही. आधीचं स्केच नव्याने काढू नये, स्कॅन करून फक्त डाग पुसावेत.

खाली कॅप्शन: “पश्चिमेचं ऊन छज्जाने अडेना, तिरक्या पट्ट्यांनी टेबल सावलीत आलं.” अडचण, उपाय, परिणाम एवढंच. “निसर्गाशी संवाद साधणारी जागा” ही ओळ कुठल्याही प्रोजेक्टखाली चालते, म्हणून इथे ती काहीच सांगत नाही.