खिडकीपासून बारा मीटर आत

कार्यालय बांधण्यापूर्वी त्याचे संगणकावर तयार केलेले छायाचित्रासारखे दृश्य, म्हणजेच रेंडर, ग्राहकाला दाखवले जाते. त्यात ओळीने मांडलेली मोकळी वर्कस्टेशन्स, पांढरे ध्वनिशोषक छत, काचेच्या बैठकखोल्या आणि या सर्वांवर सारखाच पसरलेला, सावली जवळजवळ न पाडणारा मऊ उजेड बहुधा ठरलेला असतो. यांतील मेजे, छत आणि काच उद्या प्रत्यक्ष उभी राहतील. त्या उजेडाविषयी मात्र शंका घ्यायला जागा आहे.

एका बाजूलाच खिडक्या असलेले, बारा मीटर खोल दालन उदाहरणादाखल घेता येईल, ज्यात खिडकीची वरची कड जमिनीपासून २.७ मीटरवर आहे. ढगाळ आकाशाखाली उघड्यावर १०,००० लक्स प्रकाश आहे असे मानले (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक), तर त्यातला जितके टक्के भाग मेजापर्यंत पोहोचतो त्याला दिवसप्रकाश गुणांक म्हणतात. अशा दालनात तो खिडकीलगत पाच टक्के, म्हणजे ५०० लक्स असेल, तर मागच्या भिंतीजवळ अर्ध्या टक्क्यावर, म्हणजे ५० लक्सवर येणे मुळीच नवलाचे नाही. लिहिण्यावाचण्याच्या मेजावर मात्र साधारण ३०० ते ५०० लक्स लागतात. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच नैसर्गिक उजेड कामाचा राहतो, असा वास्तुविशारदांचा जुना ठोकताळा आहे आणि त्यानुसार येथे जेमतेम साडेसहा मीटरांवर त्याची हद्द संपते. त्यापलीकडच्या मेजांना आकाश जवळजवळ दिसतच नाही. तेथे पोहोचतो तो छतावरून, भिंतींवरून परतून आलेला उजेड.

या परतण्याचे गणित जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये एका समीकरणात मांडले आणि ते सोडवण्याची पाथ ट्रेसिंग ही रीतही सुचवली, जिच्यात कॅमेऱ्यातून निघालेला किरण पृष्ठभागांवर आपटत आपटत प्रकाशाच्या उगमाचा शोध घेतो. पांढरे छत पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८५ टक्के परत पाठवते, तर गडद गालिचा जेमतेम दहा-वीस टक्के. म्हणून किरणाला किती वेळा आपटू द्यायचे याची मर्यादा तीन-चारवर ठेवली, तर दालनाचा मागचा भाग खऱ्याहूनही काळवंडतो. मर्यादा वाढवली की वेळ वाढतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत चित्र दाणेदार दिसू लागते, कारण किरण यदृच्छेने निवडले जातात आणि हे दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट सोडावे लागतात. याच पांढऱ्या छताच्या खनिजतंतूंच्या फरशा उजेड परतवत असल्या तरी आवाज गिळतात, कारण हवेचे कंपन त्यांच्या छिद्रांत शिरून घर्षणाने उष्णतेत विरते. चित्रात हा गुण अर्थातच दिसत नाही, आणि काचेच्या भिंती आवाज जवळजवळ पूर्ण परतवतात हेही दिसत नाही.

मुदत जवळ आलेली असते तेव्हा चित्रकार सोपी वाट धरतो: खिडकीच्या आत आणि छताखाली अदृश्य प्रकाशपट्टे लावतो. खिडकीची काचही अनेकदा काढून टाकली जाते किंवा प्रकाशाला बिनअडथळा जाऊ देणारी केली जाते, कारण काचेतून वाकून येणारे किरण शोधणे या पद्धतीला फार जड जाते. पण खरी दुहेरी काच जो बराच प्रकाश अडवते, तोही मग हिशेबातून गळतो. त्यात आकाश सर्वत्र सारखेच पांढरे धरले की आणखी भर पडते, कारण प्रमाणित ढगाळ आकाश माथ्यावर क्षितिजापेक्षा तिप्पट तेजस्वी असते आणि उभ्या खिडकीला क्षितिजाकडचाच भाग अधिक दिसतो. एवढ्या एका गृहीतकाने खिडकीवरचा प्रकाश सुमारे पाव पटीने फुगतो.

ही लबाडी ओळखता येते. आतल्या खुर्चीच्या पायांची सावली खिडकीच्या विरुद्ध दिशेला न जाता सरळ खाली गोळा झाली असेल, तर डोक्यावर कोठेतरी दिवा लपलेला आहे. बैठकखोलीची काच त्याहून मोठी चहाडखोर असते: समोरून पाहताना तिचा प्रत्येक पृष्ठभाग चारच टक्के प्रकाश परतवतो, पण ऐंशी अंशांच्या तिरक्या कोनात एकाच पृष्ठभागाचे परावर्तन चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते आणि कॅमेऱ्यापासून लपवलेला पट्टा प्रतिबिंबातून वगळायचा राहून गेला असेल, तर तेथे पांढरा चौकोन उमटतो. काचेच्या पलीकडची मेजे भिंगातून पाहावीत तशी सरकलेली दिसली, तर तिला जाडीच दिलेली नाही आणि संगणक सगळी खोलीच भरीव काच समजत आहे, असे मानायला हरकत नाही.

निर्णय घ्यायचाच असेल तर रेंडर ज्या संगणकीय नमुन्यावरून काढले त्याच नमुन्यावरून लक्सचा रंगीत नकाशा मागवावा. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी विकसित केलेली रेडियन्स ही प्रणाली असे नकाशे काढते. मात्र तिलाही छत, गालिचा आणि काच यांचे खरे परावर्तन व पारगमन पुरवावे लागते. तसे केल्यावर या बारा मीटरांच्या दालनाचा मागचा अर्धा भाग नकाशावर निळा, म्हणजे दिवसाही दिवे लावावे लागतील असा दिसतो, आणि ते दिवे कोठे बसवायचे याची चर्चा छताचा आराखडा पक्का होण्याआधीच करता येते.