पोहोचणे लवकर, थांबणे उशिरा

यंत्राच्या एका फिरत्या टेबलाला हुकूम मिळतो: एक अंश वळ. टेबलाखाली मोटर आहे आणि अक्षावर कोन मोजणारा एन्कोडर. हवा असलेला कोन आणि प्रत्यक्षातला कोन यांतला फरक कंट्रोलर सतत काढत राहतो आणि त्या फरकाच्या पटीत मोटरला जोर देतो. फरक मिटला की जोरही संपतो. मोजमाप फिरून कंट्रोलरकडेच परत येते, म्हणून या रचनेला बंद लूप म्हणतात. फरकाला ज्या आकड्याने गुणायचे तो गेन. मशीन लावणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातात बहुतेक वेळा हाच पहिला स्क्रू असतो, किंवा आजकाल स्क्रीनवरचा रकाना.

टेबल सावकाश वळते अशी तक्रार आली की गेन वाढवायचा, हा सगळ्यांचा पहिला उपाय. तो चुकीचा नाही. पण त्यातून नक्की काय वाढते आणि काय वाढत नाही, हे एका हिशेबातून स्वच्छ दिसते.

हिशेबासाठी साधे टेबल घेऊ. त्याचे जडत्व आणि घर्षण असे की मोटरचा जोर काढून घेतल्यावर त्याचा वेग सुमारे ५० मिलिसेकंदांत एक-तृतीयांशाच्या थोडा वर येतो. सुरुवातीला गेन इतका ठेवला आहे की एक अंशाचा हुकूम दिल्यावर टेबल सुमारे ०.१५ सेकंदात दहा टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचते, जेमतेम चार टक्के पुढे सरकते आणि मागे येऊन स्थिरावते. या पुढे सरकण्याला ओव्हरशूट म्हणतात.

आता याच टेबलाची दुसरी चाचणी. एका झटक्यात वळायला सांगण्याऐवजी त्याला डावीकडे-उजवीकडे एक-एक अंश डोलायला सांगायचे, आधी अगदी सावकाश, मग हळूहळू वेग वाढवत. सेकंदाला एखाद्याच वेळी डोलायचे असेल तर टेबल हुकूम जवळजवळ पुरता पाळते. वेग वाढला की ते मागे पडू लागते आणि डोलण्याचा आवाकाही घटतो. सेकंदाला सव्वादोन डोलांपाशी एक अंशाच्या जागी ०.७ अंशच उरतो. हीच त्या बंद लूपची बँडविड्थ: सव्वादोन हर्ट्झ. ०.७ ही रेघ सोयीसाठी आखलेली आहे. आवाका तिथे आला की शक्ती निम्मी होते आणि डेसिबलच्या भाषेत तो बिंदू उणे तीनवर येतो. त्यापलीकडे टेबल हुकूम ऐकतच नाही असे नव्हे, पण त्याच्यावर विसंबता येत नाही.

मग गेन चौपट केला. झटक्याच्या चाचणीत टेबल आता सुमारे ०.०५ सेकंदात वर चढते, म्हणजे तिप्पट वेगाने. डोलण्याच्या चाचणीत बँडविड्थ सुमारे ६.४ हर्ट्झवर गेली आहे, तीही जवळजवळ तिप्पट. दोन्ही आकडे हातात हात घालून चालतात, आणि यावरूनच एक अंगठेनियम निघाला आहे: ०.३५ ला बँडविड्थने भागा, चढण्याचा वेळ साधारण सेकंदांत मिळतो. पहिल्या गेनला हा नियम चांगला लागू पडतो, चौपट गेनला जरा कमी. अंदाजाला तेवढे पुरते.

पण डोलण्याच्या आलेखात एक नवी गोष्ट उगवली आहे. वेग ३.९ हर्ट्झच्या आसपास आला की टेबल सांगितलेल्या एक अंशापेक्षा जास्त, चांगले दीड अंश डोलते. हे रेझोनंट पीक. आज्ञेपेक्षा मोठा प्रतिसाद मिळतो तो कुठून? दुरुस्ती उशिरा पोहोचते त्यातून. जडत्वामुळे टेबल मागे रेंगाळते, त्यामुळे फरक उशिरा मिटतो आणि मोटरचा जोर टेबल नेमके त्या दिशेने जात असतानाच येऊन पडतो. झोपाळा ज्या बाजूला निघाला त्याच बाजूला ढकलावा, तसे. रोखण्यासाठी असलेला जोर भर घालू लागतो. गेन जितका मोठा तितकी ही भर मोठी, आणि शिखर तितके उंच.

झटक्याच्या चाचणीत याच शिखराचा दुसरा चेहरा दिसतो. एकाएकी दिलेल्या हुकमात सावकाश आणि जलद, सगळ्याच वेगांची डोलणी मिसळलेली असतात. त्यातली ३.९ हर्ट्झच्या जवळपासची लूप फुगवून पुढे पाठवते. त्यामुळे टेबल एक अंशावर न थांबता १.३ अंशापर्यंत जाते, म्हणजे ३० टक्के ओव्हरशूट. मग परत येते, थोडे खाली जाते, पुन्हा वर येते. हे डुलणे सेकंदाला सुमारे ४.२ वेळा या चालीचे असते. शिखराच्या ३.९ हर्ट्झच्या इतके जवळ असणे योगायोग नाही.

इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे आहे. कारखान्यातला जुना हातही सांगेल, गेन वाढवला की मशीन हंटिंग करते. त्याहून कमी लक्षात येते ते पुढे आहे. चौपट गेनवर टेबल तिप्पट लवकर पोहोचले, पण शांत होऊन लक्ष्याच्या दोन टक्क्यांत कायमचे बसायला त्याला सुमारे ०.४ सेकंद लागले. आधीच्या गेनलाही ०.४ सेकंदच लागत होते. फरक शून्य! कारण डुलणे किती लवकर विझते हे गेनवर ठरतच नाही. या साध्या रचनेत ते टेबलाचा वेग खाऊन टाकणाऱ्या घर्षणावर ठरते आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. बँडविड्थचा आकडा सांगतो, टेबल लक्ष्यापर्यंत किती लवकर धावेल. ते केव्हा थांबेल हे सांगायला तो बांधील नाही. ‘आमच्या ड्राइव्हची बँडविड्थ अमुक’ असे पत्रक वाचताना शेजारी पीकचा आकडा नसेल तर अर्धीच गोष्ट वाचली असे समजावे.

यावरचा खरा उपाय गेनमध्ये नाही, वेगाच्या मोजमापात आहे. मोटरच्या अक्षावर टॅकोमीटर बसवतात किंवा एन्कोडरवरूनच वेग काढतात, आणि त्या वेगाच्या पटीत उलटा जोर देतात. टेबलाला हे जास्तीच्या घर्षणासारखेच भासते, फक्त त्यात काही झिजत नाही. चौपट गेन तसाच ठेवून असे कृत्रिम घर्षण मूळ घर्षणाइतकेच घातले, म्हणजे एकूण दुप्पट झाले, तर शिखर पूर्ण मावळते. ओव्हरशूट पुन्हा चार टक्क्यांवर येते, स्थिरावण्याचा वेळ ०.४ वरून ०.२ सेकंदांवर उतरतो. बँडविड्थ मात्र ६.४ वरून ४.५ हर्ट्झवर येते. कागदावर बँडविड्थ घटली आणि टेबल निम्म्या वेळात कामाला मोकळे झाले.

इथे एक बारकावा. पहिल्या आणि तिसऱ्या मांडणीत शिखर अजिबात नव्हते, तरी चार टक्के ओव्हरशूट होतेच. शिखर नाही म्हणजे ओव्हरशूट नाही, असे समीकरण नाही. आणि शिखर १.१५ असेल तर १६ टक्के, १.३६ असेल तर २५ टक्के, अशी जी जोडणी पाठ्यपुस्तकांत मिळते ती या साध्या, दोन पातळ्यांच्या रचनेपुरतीच तंतोतंत असते.

हे गणित घडले ते दुसऱ्या महायुद्धाच्या दबावाखाली. अमेरिकेत एमआयटीमध्ये अल्बर्ट हॉल यांनी १९४३ मध्ये सर्व्होयंत्रणांच्या विश्लेषणावर जे काम मांडले, त्यात बंद लूपच्या शिखराचा आकडा थेट आलेखावरून वाचता येईल अशी वर्तुळे होती. एमआयटीच्याच रेडिएशन लॅबोरेटरीत विमानाचा आपोआप माग काढणारा एससीआर-५८४ रडार तयार झाला. अशा रडारची अडचण टेबलापेक्षा निराळी होती. विमानावरून परतणारा प्रतिध्वनी सतत थरथरतो. बँडविड्थ वाढवली तर अँटेना विमानाबरोबर त्या थरथरीचाही पाठलाग करते. घटवली तर वळणारे विमान हातून निसटते. म्हणजे वेग हवा म्हणून बँडविड्थ वाढवत नेणे, ही कल्पना त्या लोकांनी तेव्हाच मोडीत काढली होती. तेव्हापासून अभियंते शिखर साधारण १.१ ते १.५ च्या दरम्यान ठेवणे पसंत करतात. ही पसंती कामावर अवलंबून असते, हे सांगायला हवे. अँटेनाने क्षणभर पुढे जाऊन मागे येणे चालते. धातू कापणाऱ्या सीएनसीच्या हत्याराने पुढे जाऊन मागे आल्यास तेवढा धातू गेलेला असतो. म्हणून तिथे जागेच्या लूपला शिखर ठेवतच नाहीत.

दोन पातळ्यांची रचना कागदावरच सापडते. खऱ्या टेबलात मोटर आणि ओझे यांच्यामध्ये कपलिंग, पट्टा किंवा गिअर असतो आणि तो थोडा वाकतो, पिळतो. या लवचिकपणाची स्वतःची एक कंपनसंख्या असते, बहुधा बँडविड्थच्या बरीच वर. गेन वाढवत नेला की डोलण्याच्या आलेखात उजवीकडे दूर एक दुसरे, टोकदार शिखर डोके वर काढते. ओव्हरशूटच्या आकड्यात ते सुरुवातीला कळतही नाही, कानाला आधी कळते. टेबल जागेवर उभे असताना मोटर गुणगुणू लागते. मग तेवढीच एक कंपनसंख्या गाळणारा नॉच फिल्टर लावतात. पण ओझे बदलले की ती कंपनसंख्याही सरकते आणि फिल्टर चुकीच्या जागी उरतो.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद परिसरात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला फक्त १५ अंश सरकते, म्हणजे सेकंदाला एका अंशाचा २४० वा भाग. एरवी नुसते ते धरून ठेवायला नावापुरती बँडविड्थ पुरली असती. अडचण येते वाऱ्याची. झोत येतो, ताट ढकलले जाते आणि ते जागेवर आणायला लूप झोताहून चपळ असावा लागतो. पण एवढ्या मोठ्या, जाळीच्या, हलक्या बांधणीचा सांगाडा मंद गतीने डोलणारा असतो आणि लूपची बँडविड्थ त्याच्या सर्वांत खालच्या कंपनसंख्येच्या बरीच खाली ठेवावी लागते. नाही तर वाऱ्याने हलवलेला सांगाडा सर्व्होच आणखी हलवू लागेल. अशा अँटेनांचा वेगवान सर्व्हो मोटर बदलून मिळत नाही. सांगाडा ताठ करावा लागतो, आणि ताठ केला की तो जड होतो.