मोटार अपघातातील मृत्यू : दावा कोठे करावा, कोणते कागद लागतात आणि रक्कम कशी ठरते

समजा, सांगली जिल्ह्यातील एका चालकाचा दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, जुन्या महाराष्ट्र सदनाजवळ, वाहनाच्या धडकेने मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबाने दर तारखेला दिल्ली गाठावी लागेल का? नाही. अपघात जेथे झाला तेथे दावा करता येतो. या उदाहरणात ते न्यायाधिकरण पतियाळा हाऊस न्यायालयात आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार वारस जेथे राहतात तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. म्हणजे सांगलीलाही. मात्र दोन ठिकाणी दोन दावे चालू ठेवू नयेत.

अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत करावा. ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, त्यामुळे मुदत उलटली असली तरी आपला हक्क गेला असे स्वतःच ठरवू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावे. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे वकील मोफत मिळतो.

कोणते कागद लागतात?

पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, धडक देणाऱ्या वाहनाचे नोंदणीपत्र, विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना हे कागद पोलिसांकडून मिळतात. सविस्तर अहवालाची प्रत मागून घ्या. त्यात मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबित व्यक्तींची नावे बरोबर आहेत का, ते पाहा. वाहनाचा पत्ताच लागला नसेल, तर हा मार्ग नाही. त्यासाठी ‘हिट अँड रन’ योजना वेगळी असून तीत मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात.

कुटुंबाने मृत्यूचा दाखला, नाते दाखवणारे शिधापत्रिकेसारखे कागद, बँक पासबुक आणि वयाचा व उत्पन्नाचा पुरावा द्यायचा असतो. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे.

रक्कम कशी ठरते?

आज देशभर जी पद्धत चालते तिचा पाया दिल्लीतल्याच एका प्रकरणात घातला गेला : सरला वर्मा विरुद्ध दिल्ली परिवहन महामंडळ. १९८८ मध्ये अपघातात मरण पावलेली व्यक्ती ३८ वर्षांची, कायम नोकरीतील शास्त्रज्ञ होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हिशेब असा केला.

मासिक पगार धरला ४,००४ रुपये. पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात निम्मी भर घातली. झाले ६,००६, म्हणजे वर्षाला ७२,०७२ रुपये. मृताने स्वतःवर केला असता तो खर्च वजा करावा लागतो. कुटुंब मोठे असल्याने एक पंचमांशच वजा केला आणि ५७,६५८ रुपये उरले. या रकमेला वयानुसार ठरणाऱ्या गुणकाने गुणतात. ३६ ते ४० वयासाठी तो १५ आहे. गुणाकार ८,६४,८७० रुपये. अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि पतीच्या सहवासाची हानी यांचे २०,००० मिळवून एकूण ८,८४,८७० रुपये झाले. उच्च न्यायालयाने ७,१९,६२४ रुपये दिले होते.

पायऱ्या आजही याच आहेत. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने भविष्यातील वाढीचे दर निश्चित केले. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असणाऱ्याचे वय चाळिशीच्या आत असेल, तर ४० टक्के भर धरतात. सहवासाच्या हानीचे ४०,००० रुपये ठरले. ही रक्कम दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढते. ती आता पत्नीप्रमाणे मुलांना आणि आई-वडिलांनाही वेगवेगळी मागता येते. अर्जात ही मागणी प्रत्येकाच्या नावाने लिहावी.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते उत्पन्नाच्या पुराव्यात. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण बहुधा किमान वेतनाचा आधार घेते. ३८ वर्षांचा चालक, घरी चार अवलंबित, म्हणून एक चतुर्थांश वजावट, असे धरा. त्याचे महिन्याचे फक्त १,००० रुपये सिद्ध झाले नाहीत, तर वर्षाचे १२,०००, भर धरून १६,८००, वजावटीनंतर १२,६०० आणि त्याच्या १५ पट, म्हणजे १,८९,००० रुपये हातचे जातात. म्हणून पगार रोखीने मिळत असला, तरी मालकाचे पत्र, हजेरीवही, बँकेतील जमा नोंदी, घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, जे सापडेल ते जोडावे. मालकाने पत्र दिले तर त्याला साक्षीलाही बोलवावे लागते. साक्षीशिवाय नुसत्या पत्रावर विमा कंपनीचे वकील हमखास आक्षेप घेतात.