ना सेल, ना टिकटिक

मनगटी घड्याळ एकतर चावीचे किंवा सेलचे, अशी आपली सरळ वाटणी असते. जपानच्या सायको कंपनीचे ‘स्प्रिंग ड्राइव्ह’ घड्याळ मात्र दोन्हींत बसत नाही. योशिकाझू अकाहाने या अभियंत्याला ही कल्पना १९७७ च्या सुमारास सुचली. घड्याळ बाजारात आले १९९९ मध्ये, आणि त्याच्या आदल्याच वर्षी ते वारले.

चावीच्या घड्याळात गुंडाळलेली स्प्रिंग चाके फिरवते आणि ती एकदम सुटू नये म्हणून बॅलन्स व्हील चाकांना क्षणोक्षणी अडवते. आपण ऐकतो ती टिकटिक या अडवण्याचीच. सेलच्या घड्याळात स्प्रिंगच नसते. क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, चिप ती कंपने मोजते आणि छोटी मोटर दर सेकंदाला काटा एक घर पुढे ढकलते.

स्प्रिंग ड्राइव्हमध्ये ढकलण्याचे काम स्प्रिंगकडेच आहे, बॅलन्स व्हील मात्र काढून टाकले आहे. त्याच्या जागी एक चाक सतत एकाच दिशेने, सेकंदाला आठ फेरे घेत फिरते. त्याला जोडलेल्या चुंबकामुळे तारेच्या वेटोळ्यांत किंचित वीज तयार होते, सायकलच्या डायनॅमोसारखी. तेवढ्या विजेवर स्फटिक आणि चिप चालतात. चाक जरा जोरात गेले की चिप त्याला चुंबकीय ब्रेक लावते. म्हणून सेकंदकाटा न अडखळता सरकतो. दुकानात ओळखायची सोपी खूण हीच.

(मनगटाच्या हालचालीने चार्ज होणारी ‘कायनेटिक’ घड्याळे वेगळी. त्यांत काटे मोटरच फिरवते, म्हणजे ती क्वार्ट्‌झच.)

खरी गोम अशी की चिप फक्त ब्रेक लावू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे स्प्रिंगमध्ये नेहमी थोडा जास्तीचा जोर असावा लागतो. तेल सुकून चाके जड झाली की हा जोर अपुरा पडू लागतो. पूर्ण चावी दिल्यावर बहात्तर तास चालणारे घड्याळ दीड दिवसातच थांबू लागले, तर सर्व्हिसिंगची वेळ झाली असे समजावे.

घेण्याआधी हिशोब करून पाहा. रोज दहा सेकंद पुढे जाणारे चावीचे घड्याळ महिन्यात पाच मिनिटे पुढे जाते. स्प्रिंग ड्राइव्हच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये महिन्याला पंधरा सेकंद इकडे-तिकडे धरतात. पण साध्या सेलच्या घड्याळातही फरक साधारण तेवढाच पडतो! म्हणजे केवळ अचूक वेळेसाठी इतके पैसे मोजण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. सेल बदलायची कटकट नको आणि तरी वेळ चुकायला नको, अशा माणसाचे हे घड्याळ. मात्र त्यातली चिप बिघडली, तर कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याला ती घडवून देता येणार नाही. चावीच्या जुन्या घड्याळाचा मोडलेला आस एखादा कसबी कारागीर अजूनही करून देतो.