कुंकू काळं, तर लुगडं कोणत्या रंगाचं?

१९३० च्या आसपासचा पुण्यातल्या स्टुडिओतला एखादा कुटुंबाचा फोटो पाहा. कर्त्या पुरुषाच्या डोक्यावरची पगडी काळी, सुनेच्या कपाळावरचं कुंकू काळं, मधोमध बसलेल्या सोवळ्या आजीबाईंचं लुगडंही काळंच. प्रत्यक्षात त्या दिवशी स्टुडिओत या तिन्ही गोष्टी लाल होत्या. फोटो रंगवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो पगडीला काळी मखमल करून टाकतो आणि आजीबाईंना पांढरं लुगडं नेसवतो, कारण विधवा म्हणजे पांढरं वस्त्र हे सिनेमानं त्याच्या डोक्यात बसवलेलं असतं.

दोष त्या काळच्या काचेचा. फोटोसाठी वापरली जाणारी चांदीच्या क्षारांची काच मुळात फक्त निळा-जांभळा प्रकाश ओळखते. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं, की या लेपात ठरावीक रंगद्रव्यं मिसळली तर काचेला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या. लाल मात्र त्यांनाही दिसत नव्हता. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात मिळत होत्या, पण त्या संपूर्ण अंधारात धुवाव्या लागत. ऑर्थो काच लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांसमोर धुता येई, म्हणून स्टुडिओवाल्यांनी ती पुढे बरीच वर्षं सोडली नाही. परिणाम असा, की लाल वस्तू काळपट उतरते, फिका निळा जवळपास पांढरा उतरतो, आणि आकाशी लुगडं व पांढरं धोतर शेजारी असली तर दोन्ही सारखीच दिसतात. करड्या छटेवरून थेट रंग ओळखता येत नाही, तो असा.

मग आपल्या हातातला फोटो कोणत्या काचेवर काढला आहे, हे कसं ओळखायचं? मराठी घरातल्या फोटोत याची किल्ली बहुतेक वेळा कपाळावरच असते. कुंकू लाल होतं, यात शंका नाही. ते केसांइतकंच काळं आलं असेल तर काच लालसाठी आंधळी होती, आणि मग फोटोतलं कोणतंही गडद वस्त्र लाल असू शकतं. कुंकू केसांपेक्षा स्पष्टपणे उजळ, मध्यम करडं आलं असेल तर पॅनक्रोमॅटिक फिल्म असावी आणि छटांवर थोडा अधिक विश्वास ठेवता येतो. एक काळजी मात्र घ्यायची. त्या काळी रिटचिंग करणारा कारागीर पुष्कळदा पेन्सिलीनं किंवा शाईनं कुंकू ठळक करून देई. भिंगाखाली कडा फार रेखीव दिसली, किंवा कुंकवावर कपाळाचा उजेड-सावली अजिबात पडलेली नसली, तर तो पुरावा बाजूला ठेवावा आणि ओठ पाहावेत. लालसाठी आंधळ्या काचेवर ओठ नेहमीच गडद येतात. अशा ओठांना लाल रंग देऊन आजीला लिपस्टिक लावलेली अनेक रंगीत चित्रं मी पाहिली आहेत. त्याच कारणानं त्वचाही असायची त्याहून सावळी उतरते, म्हणून चेहरा थोडा उजळवावा लागतो.

माझ्याकडे रंगवायला आलेल्या अशाच एका फोटोचं काम सविस्तर सांगतो. पोस्टकार्डाच्या आकाराचा, कडेनं पिवळा पडलेला प्रिंट. मध्ये खुर्चीवर सोवळी आजी, तिच्या डाव्या हाताला पगडी आणि उपरणं घेतलेला मुलगा, मागे उभी सून. सुनेच्या कपाळावरचं कुंकू केसांइतकं काळं, कडा मऊ, म्हणजे हाताने केलेलं नव्हतं. काच ऑर्थो किंवा त्याहूनही जुन्या प्रकारची, हे ठरलं.

स्कॅन रंगीतच करायचा, प्रिंट काळा-पांढरा असला तरी. ६०० डीपीआय या आकाराला पुरतं, प्रिंट बोटभर असेल तर १२०० घ्यावं. रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग सुटे करून पाहता येतात. पिवळे-तपकिरी डाग लाल भागात सर्वांत कमी दिसतात, म्हणून डागाळलेल्या जागी त्या भागाची मदत घ्यायची. उलट, चित्रच विटलेलं असेल तिथे निळ्या भागात रेषा जास्त शिल्लक असतात. एवढं झाल्यावर सेपियाचा पिवळटपणा काढून टाकायचा आणि शुद्ध करड्या चित्रावर काम सुरू करायचं.

रंग भरताना प्रत्येक वस्त्रासाठी वेगळा थर घेऊन त्याची पद्धत Color अशी ठेवतात. त्यामुळे खालच्या चित्राचा उजेड-अंधार तसाच राहतो आणि वर फक्त रंग चढतो. सामान्य फोटोला हे उत्तम जमतं, पण लालसाठी आंधळ्या फोटोत इथेच अडचण येते. आजीचं आलवण, म्हणजे केशवपन केलेल्या स्त्रिया नेसत ते तांबडं जाडंभरडं वस्त्र, माझ्या स्कॅनमध्ये ० ते २५५ च्या पट्टीवर ४० च्या आसपास होतं. धुऊन थोडं विटलेल्या विटकरी लाल कापडाची खरी उजळता साधारण ७२ असते. तसाच Color थर दिला तर आलवण काळपट चॉकलेटी दिसतं आणि पाहणारा म्हणतो, रंग चुकला. रंग चुकलेला नसतो, खालचा उजेड कमी असतो. त्यासाठी आधी फक्त आलवणाचा भाग निवडून Curves मध्ये मधल्या छटा वर उचलायच्या, आणि अगदी गडद घड्या जागच्या जागी ठेवायच्या. त्या उचलल्या तर कापड धुरकट दिसतं. मग लाल चढवायचा, पण एकच नाही. उजेड पडलेल्या मांडीवर तो जरा फिका, घडीच्या आत तो तपकिरीकडे झुकलेला. सगळीकडे एकच लाल फासला की कापडाचं प्लास्टिक होतं.

आजीचं वस्त्र आलवण आहे, हे काळेपणावरून ठरलं नाही. डोक्यावरून घेतलेला पदर, रिकामं कपाळ, हातात एकही बांगडी नाही आणि चोळीही नाही, या सगळ्यावरून ते ठरलं. हेच काळं वस्त्र बांगड्या आणि कुंकवासह असतं, तर ते लाल काठांची चंद्रकळा असण्याचा संभव होता. अशा चंद्रकळेचे काठ या काचेवर दिसतच नाहीत, कारण काळा आणि लाल दोन्ही एकच होऊन जातात.

सुनेच्या लुगड्यानं मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. ते गडद होतं आणि काठाजवळ दोन बारीक फिकट रेघा होत्या. रंग काळा, लाल, गडद हिरवा, काहीही असू शकत होता. संक्रांतीला नव्या सुनेला काळं लुगडं देतात, तेव्हा हलव्याचे दागिने असते तर काळं म्हणता आलं असतं. पांढऱ्या साखरेचे ते दागिने लपत नाहीत, आणि इथे ते नव्हते. पण चंद्रकळा एरवीही नेसत, म्हणून तेवढ्यानं काही ठरेना. शेवटी उत्तर त्यांच्याच घरातल्या गोधडीत निघालं. जुन्या लुगड्यांच्या थरांत एक डाळिंबी पट्टा होता आणि त्याच्या काठाला तशाच दोन पिवळ्या रेघा. रेघांमधलं अंतर आणि काठाची रुंदी यांचं प्रमाण फोटोशी जुळलं. उसवलेल्या शिवणीच्या आत, जिथे ऊन कधी पोचलं नाही, तिथला रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून टिपला आणि तोच वापरला.

असा पुरावा प्रत्येक घरात मिळेल असं नाही. मग त्या काळचे खरे रंग पाहायला हवेत. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी ऑटो रॉथफेल्डच्या १९२० च्या सुमारास निघालेल्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी स्त्रियांची रंगीत चित्रं काढली. नऊवारी, चोळी, नथ त्यांत बारकाईनं दिसते. ऑटोक्रोम ही रंगीत फोटोंची पद्धत १९०७ मध्ये बाजारात आली आणि अल्बेर काह्नचा छायाचित्रकार स्टेफान पासे १९१३-१४ मध्ये ती घेऊन भारतात फिरला. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं प्रत्यक्ष पाहता येतात. स्टुडिओत हातानं रंगवलेले जुने फोटो मात्र मी पुरावा म्हणून धरत नाही. त्या कारागिरानं लुगडं कधी पाहिलंच नसेल, तर त्यानं हाताशी असलेला रंग लावला असणार.

एक समज मला आवर्जून दूर करावासा वाटतो. जुने फोटो रंगवताना लोक सगळं फिकट, मातकट करतात, जणू १९३० मध्ये भडक रंगच नव्हते. पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये सापडला, मंजिष्ठेतलं लाल रंगद्रव्य १८६९ च्या सुमारास प्रयोगशाळेत बनलं, झगझगीत गुलाबी ऱ्होडामाइन १८८७ मध्ये आलं आणि जर्मन कारखान्याची नीळ १८९७ मध्ये. म्हणजे त्या सुनेच्या जन्माआधीच राणी रंग निघालेला होता, आणि फोटोत तो दाखवायला हरकत नाही. हरकत आहे ती नायलॉनच्या चकाकीला, टेरिलिनच्या ताठ घड्यांना आणि निळसर झळकणाऱ्या पांढऱ्याला. कपडे झळकवणारी रसायनं साबणात त्यानंतर आली. तेव्हाचं धोतर कोरं असेल तर किंचित पिवळसर, आणि परीटघडीचं असेल तर निळीचा पुसट रंग असलेलं. सुती चोळीवर रेशमासारखी चमक आणली तर तीही चूकच.

जिथे कशाचाच आधार मिळत नाही, तिथे मी रंग हलका ठेवतो आणि फाइलसोबत लिहून ठेवतो की हा अंदाज आहे. पगडी लाल, हे माहितीवर. आलवण तांबडं, हे माहितीवर. सुनेचं लुगडं, गोधडीवरून. मुलाच्या उपरण्याचे काठ, अंदाज. मूळ स्कॅनला हात न लावता तो वेगळा ठेवायचा, म्हणजे उद्या कुणाला उपरणं सापडलं तर तेवढाच थर बदलता येतो. रंगीत प्रिंट काढाल तेव्हा त्याच्या मागेही ही यादी लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला तुमचा अंदाजच पणजीचा रंग वाटेल.

आणि फोटो रंगवायचा असो वा नसो, जुनं जरीचं लुगडं बोहारणीला देण्याआधी किंवा फाटकी गोधडी टाकण्याआधी त्यांच्या शिवणीतला रंग आणि काठ यांचा दिवसाच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा, आणि ते कुणाचं होतं हे घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला आजच विचारा.