टक्कल आजोळहूनच येतं का?

पंचविशीतल्या मुलाची कपाळावरची केसांची रेघ मागे सरकू लागली की घरातल्यांचं लक्ष आधी त्याच्या मामाकडे जातं. मामाचे केस शाबूत असतील तर आईच्या वडिलांचा जुना फोटो शोधला जातो. तिथे टक्कल दिसलं की निकाल लागतो : आजोळहून आलं. वडिलांना स्वतःला टक्कल असलं तरी त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, कारण टक्कल आईकडूनच येतं हे सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. या समजुतीत सत्याचा एक खरा अंश आहे आणि तो विज्ञानानेच दिला आहे. पण त्यावर जो निष्कर्ष उभा केला जातो, तो चुकीचा आहे.

पुरुषांचं नेहमीचं टक्कल कानशिलांच्या वरून आणि टाळूवरून सुरू होतं. कानांच्या वरचे आणि मानेवरचे केस मात्र शेवटपर्यंत टिकतात. या प्रकारात केसाचं मूळ मरत नाही, ते लहान होत जातं. एरवी डोक्यावरचा केस काही वर्षं सलग वाढतो, गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. टक्कल पडताना वाढीचा हा काळ दर फेरीला आखूड होतो, नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो आणि शेवटी जेमतेम दिसणारी लव उरते. हे घडवून आणतो तो पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारा डीएचटी नावाचा पदार्थ. अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली यातला मुख्य दुवा दाखवला. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते किंवा काढले गेले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्यावर काहींचे केस मागे हटू लागले, आणि तेही ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचेच. म्हणजे संप्रेरक हवंच, पण त्याला दाद देणारं केसाचं मूळही हवं. ते मूळ कसं असेल हे आनुवंशिकतेवर ठरतं.

संप्रेरकाला दाद देण्याचं काम पेशीतलं एक प्रथिन करतं, अँड्रोजन रिसेप्टर. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाकडे एक्स एकच असतो आणि तो आईकडूनच येतो. वडील मुलाला वाय देतात. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या जनुकातल्या एका विशिष्ट खुणेचा टकलाशी घट्ट संबंध दाखवला. २००५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनीही याच जनुकाकडे बोट दाखवलं. टकलासाठी आजवर सापडलेल्या जागांपैकी एकट्याने सर्वांत जास्त परिणाम करणारी जागा अजूनही हीच आहे. आजोळच्या समजुतीला इथे आधार मिळाला.

आता हा आधार नेमका किती ते एका कुटुंबात पाहू. समजा, निखिल नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा आहे आणि आपण फक्त या एका जनुकाचा माग काढतो आहोत. निखिलच्या आईकडे एक्स गुणसूत्रं दोन. एक तिला वडिलांकडून मिळालं, एक आईकडून. निखिलला या जनुकाची एकच प्रत मिळणार, आणि ती आजोबांची की आजीची, याची शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे ज्या आजोबांच्या फोटोवर सगळा निवाडा होतो, त्यांचं हे जनुक निखिलकडे पोहोचलं असण्याची शक्यता पन्नास टक्के. उरलेल्या पन्नास टक्क्यांत ते आजीचं आहे, आणि आजीच्या केसांवरून त्याचा गुण ओळखता येत नाही.

मामाचं गणित तर आणखी वेगळं आहे. मामा पुरुष आहे, म्हणून त्याचा एक्स त्याला त्याच्या आईकडून, म्हणजे निखिलच्या आजीकडून मिळालेला आहे. स्वतःच्या वडिलांचा एक्स मामाकडे येतच नाही. आजोबा आणि मामा दोघांनाही टक्कल असेल तर ते या जनुकाच्या वाटेने आजोबांकडून मामाकडे आलेलं असू शकत नाही. आणि निखिलकडे व मामाकडे आजीची तीच प्रत असण्याची शक्यता फक्त पंचवीस टक्के. उलट, मावसभावाशी ती साडेसदतीस टक्के आहे, कारण आई आणि मावशी या दोघींना आजोबांचा एक्स जसाच्या तसा मिळालेला असतो. सख्ख्या भावाशी ती पन्नास टक्के. दोन सख्ख्या भावांपैकी एकाचे केस लवकर जातात आणि दुसऱ्याचे टिकतात, याचं एक कारण इथेच आहे : एकाला आजोबांची प्रत मिळते, दुसऱ्याला आजीची. भाच्याचं टक्कल मामावरून ओळखण्याची आपल्याकडची सवय, आजोळची समजूत मान्य केली तरीही, चुकीच्या माणसाकडे पाहते.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. ऑस्ट्रेलियातल्या त्या अभ्यासात ही खूण टक्कल पडलेल्या तरुणांपैकी ९८ टक्क्यांत सापडली. ऐकताना हा आकडा फार बोलका वाटतो. पण ज्यांना टक्कल नव्हतं, अशा पुरुषांपैकीही सुमारे ७७ टक्क्यांत ती होतीच. म्हणजे ही खूण असणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. ती नसेल तर लवकर टक्कल पडण्याची शक्यता बरीच कमी होते. ती आहे एवढ्यावरून मात्र काहीच ठरत नाही. टक्कल पडायला तिच्या जोडीला आणखी बरंच काही लागतं.

ते बाकीचं कुठून येतं? निम्मं वडिलांकडून. त्याच ऑस्ट्रेलियन गटाने १९९८ साली तरुणपणीच टक्कल पडलेल्या ५४ मुलग्यांचे वडील पाहिले. त्यांतल्या ८१.५ टक्के वडिलांना टक्कल होतं. वडिलांचा एक्स मुलाकडे येत नाही, त्यामुळे बाप-लेकातलं हे साम्य अँड्रोजन रिसेप्टरच्या वाटेने येऊच शकत नाही. ते इतर गुणसूत्रांतून आलं पाहिजे. २००८ साली विसाव्या गुणसूत्रावर अशी एक ठळक जागा सापडली. त्यानंतर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ५२ हजारांहून अधिक पुरुषांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि टकलाशी संबंधित २८७ जागा समोर आल्या. त्यांतल्या ४० एक्सवर होत्या, बाकी सगळ्या इतर गुणसूत्रांवर. माणसामाणसांतल्या टकलाच्या फरकाचा जेवढा भाग सर्रास आढळणाऱ्या जनुकीय फरकांनी समजावता आला, त्याची फोड अशी : इतर गुणसूत्रांमुळे सुमारे ४७ टक्के, एक्समुळे पाच टक्क्यांहूनही कमी. ही इतर गुणसूत्रं आई आणि वडील दोघांकडून सारखीच येतात. आईच्या बाजूला एक्सची थोडी भर आहे, एवढंच आजोळच्या समजुतीचं खरं माप.

आईकडून येणारा वाटा दिसत नाही, हीसुद्धा मोठी गोची आहे. आईकडे टकलाची कितीही जनुकं असली तरी तिच्या डोक्यावर ती पुरुषासारखी उमटत नाहीत. बायकांमध्ये केस विरळ होतात ते बहुधा भांगाच्या दोन्ही बाजूंनी, कपाळाची रेघ तशीच राहून, आणि त्याची कारणंही पुरुषांच्या टकलासारखी थेट नसतात. म्हणून आपण आईच्या बाजूच्या पुरुषांकडे पाहतो. ते चूक नाही, पण तो अप्रत्यक्ष पुरावा आहे, तर वडिलांचं डोकं समोर स्पष्ट दिसत असतं. दिसणारा पुरावा सोडून न दिसणाऱ्याचा माग काढत बसण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

मग घराण्यावरून सांगता तरी काय येतं? माझ्या मते सर्वांत कामाचा प्रश्न 'कुणाला' हा नसून 'कितव्या वर्षी' हा आहे. साठीतल्या पुरुषाला टक्कल असणं इतकं सर्रास आहे की कोणत्याही घरात दोन्ही बाजूंना एखाददुसरा सापडतोच, आणि त्यावरून काहीच कळत नाही. पण वडिलांचे केस तिशीच्या आत गेले, सख्ख्या भावाचेही विशीत जाऊ लागले, शिवाय आजोळीही एखाद्याचं तसंच झालं, तर मुलाला लवकर टक्कल पडण्याची शक्यता बरीच जास्त धरावी. दोन्हीकडचे पुरुष पन्नाशीतही दाट केसांचे असतील तर शक्यता कमी. मधली सगळी कुटुंबं, म्हणजे बहुसंख्य, अनिश्चित. जनुकांची चाचणीही यापलीकडे फार जात नाही. त्या ब्रिटिश अभ्यासात जनुकीय गुणांकानुसार सर्वाधिक धोक्याच्या दहा टक्क्यांत असलेल्या पुरुषांपैकी ५८ टक्क्यांना मध्यम ते तीव्र टक्कल होतं. म्हणजे इतका धोका असूनही शंभरातले बेचाळीस जण त्यातून सुटले होते. शिवाय हे आकडे ब्रिटिश पुरुषांचे आहेत, ते भारतीयांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

घराण्याचा इतिहास एका ठिकाणी नुकसानही करतो. केस जाऊ लागले की 'आमच्या घरातच आहे' म्हणून गप्प बसलं जातं. टायफॉइड किंवा डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठमूठ केस गळतात. हे टक्कल नव्हे, ते बहुधा काही महिन्यांत भरून येतं. नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडला तर ती चाई, तिचं कारण शरीराची प्रतिकारशक्ती. थायरॉइडचा बिघाड, लोहाची कमतरता यांनीही केस जातात. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात २०२५च्या सुरुवातीला काही गावांतल्या लोकांचे केस दिवसांत गळून गेले, त्यांत बायका आणि मुलंही होती; तिथे आजोबांच्या फोटोचा काही संबंध नव्हता. आनुवंशिक टक्कल असं झटपट येत नाही. ते वर्षानुवर्षं सरकत येतं, ठरलेल्या जागी येतं, आणि त्या जागेवर जाड केसांच्या मध्ये बारीक, आखूड केस मिसळलेले दिसतात. त्वचारोगतज्ज्ञ ते छोट्या भिंगातून काही मिनिटांत पाहू शकतात.

म्हणून ज्याचे केस खरोखर मागे हटत आहेत, त्याने मामा आणि आजोबांवरून वाद घालण्यात वर्षं घालवू नयेत. मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइडसारखी औषधं असलेले केस टिकवण्यात जास्त यशस्वी होतात, गेलेले परत आणण्यात कमी. आणि फिनास्टेराइड तर डीएचटी तयार होणंच कमी करतं, त्यामुळे ते दुष्परिणामांची चर्चा करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. काहीही करायचं नसेल तर तोही पूर्णपणे योग्य निर्णय आहे, टक्कल हा आजार नाही. पण करायचं असेल तर दर सहा महिन्यांनी त्याच उजेडात स्वतःच्या टाळूचा फोटो काढून ठेवा आणि फरक दिसू लागला की लवकर दाखवा. आजोबांच्या फोटोपेक्षा तुमच्या स्वतःच्या डोक्याचे असे दोन फोटो डॉक्टरांना जास्त सांगतात.